पार्श्वभूमी : स्वस्त आहाराच्या गणितात वैविध्य कुठून आलं

मेसचा आठवड्याचा मेनू कमीत कमी खर्चात बसवणं हा या प्रकल्पाचा विषय आहे. त्याच्या मुळाशी असलेलं गणित 1940 च्या दशकात मांडलं गेलं. किंमत कमी करायची आणि पोषण पुरं पडलं पाहिजे, एवढ्या दोन गोष्टी तेव्हापासून तशाच आहेत. बदलत गेली ती तिसरी गोष्ट, म्हणजे ताटात काय यावं आणि किती वेळा यावं याचे नियम. हे नियम आधी कुणाला सुचले नव्हते. उत्तर हातात आलं, ते खाण्याजोगं नाही हे दिसलं, की एकेक नियम वाढत गेला.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 साली एक साधा प्रश्न विचारला. मध्यम कष्ट करणाऱ्या, सुमारे 70 किलो वजनाच्या माणसाची उष्मांक, प्रथिनं, कॅल्शियम, लोह आणि काही जीवनसत्त्वं अशी नऊ घटकांची गरज वर्षभर कमीत कमी किती पैशांत भागेल? त्यांच्या यादीत 77 खाद्यपदार्थ होते. त्या वेळी असा प्रश्न नेमकेपणाने सोडवण्याची पद्धतच नव्हती. त्यांनी सगळ्या बाबतींत दुसऱ्यापेक्षा महाग पडणारे पदार्थ आधी गाळले, उरलेल्या 15 पदार्थांत अंदाजाने जुळवाजुळव केली आणि 1939 च्या भावांनी वर्षाला 39.93 डॉलर हा आकडा काढला. उत्तरात पाचच पदार्थ उरले : गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा.

हे उत्तर रोजच्या ताटात मांडून पाहिलं की खरी गंमत कळते. वर्षाला 370 पौंड पीठ आणि 285 पौंड घेवडा, म्हणजे रोज साधारण 460 ग्रॅम पीठ आणि 350 ग्रॅम कोरडा घेवडा. तोही वर्षभर, दोन्ही वेळा. हा आहार कुणी घ्यावा असं स्टिगलर यांचंही म्हणणं नव्हतं.

1947 मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न नेमकेपणाने सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची चाचणी याच प्रश्नावर झाली. जॅक लेडरमन यांच्या देखरेखीखाली नऊ कारकुनांनी हाताने चालणाऱ्या गणनयंत्रांवर आकडेमोड केली. एका माणसाच्या हिशेबाने ते 120 दिवसांचं काम होतं. उत्तर निघालं 39.69 डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज वर्षाला फक्त 24 सेंटने चुकला होता.

पण नेमक्या उत्तरातही पदार्थ मोजकेच होते, आणि त्याला कारण आहे. या प्रकारच्या गणिताला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. त्याचं सर्वोत्तम उत्तर अटींनी आखलेल्या क्षेत्राच्या कोपऱ्यावर सापडतं आणि त्या कोपऱ्यावर शून्याहून जास्त असलेल्या पदार्थांची संख्या अटींच्या संख्येपेक्षा जास्त नसते. अटी नऊ, तर पदार्थ फार तर नऊ. यादीत 77 ऐवजी 700 पदार्थ घातले तरी हेच होणार. म्हणून केवळ पोषणाच्या अटी घालून आपोआप वैविध्य येईल, ही आशा सोडून द्यावी लागते. वैविध्य हवं तर त्याची अट वेगळी लिहावी लागते.

डँट्झिग यांना हे स्वतःच्या पोटावर उमगलं. 1950 च्या दशकात त्यांनी स्वतःचं वजन उतरवण्यासाठी संगणकाकडून आहार बनवून घेतला. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून अन्नाचं पाणी वगळून उरणारं वजन जास्तीत जास्त असावं, असं उद्दिष्ट ठेवलं. संगणकाने दिवसाला शेकडो गॅलन व्हिनेगर सुचवलं, कारण माहितीत व्हिनेगरमधलं पाणी धरलंच नव्हतं. ते काढून टाकल्यावर रोज 200 बुयाँ क्यूब, म्हणजे सूपच्या खारट वड्या, सुचवल्या. तेव्हा पदार्थांना वरची मर्यादा घालावी लागली. गणितात चूक नव्हती, माणसाने गृहीत धरलेलं गणिताला सांगायचं राहिलं होतं. आमच्या मते या इतिहासातला सगळ्यात उपयोगी प्रसंग हाच, कारण मेसच्या मॉडेलमध्येही विचित्र उत्तर आलं तर आधी पोषणमूल्यांचा तक्ता आणि न लिहिलेल्या अटी तपासाव्या लागतात.

मेसच्या प्रश्नाचं आजचं रूप 1964 मध्ये जोसेफ बॅलिंटफी यांच्या संगणकीय मेनू नियोजनाच्या कामातून समोर आलं. त्यांनी किलोभर पीठ आणि पौंडभर घेवडा बाजूला ठेवून शिजवलेला पदार्थ हा घटक धरला. पदार्थ एकतर वाढायचा किंवा नाही, त्यामुळे चल 0 किंवा 1 झाले. तोच पदार्थ पुन्हा येण्याआधी काही दिवसांचं अंतर हवं, ही अटही आली.

याचा परिणाम छोट्या उदाहरणात दिसतो. सात रात्रींच्या जेवणासाठी अ, ब, क, ड असे चार पदार्थ आहेत. एका ताटाचा खर्च अनुक्रमे 10, 12, 15 आणि 20 एकक, प्रथिनं 6, 8, 9 आणि 14 ग्रॅम. वैविध्याची अट नसेल आणि फक्त खर्च पाहिला तर सातही रात्री अ, खर्च 70. कोणताही पदार्थ आठवड्यात दोनदाच, अशी अट घातली की अ, ब, क दोनदा आणि ड एकदा, खर्च 94. म्हणजे वैविध्याची किंमत 24 एकक. मर्यादा दोनऐवजी तीन केली तर खर्च 81 वर येतो. अट किती कडक ठेवायची याची चर्चा अशा आकड्यांवर होऊ शकते.

आता दोनदाचीच मर्यादा ठेवून आठवड्याला किमान 64 ग्रॅम प्रथिनांची अट घालू. 94 खर्चाच्या मेनूत 60 च ग्रॅम आहेत. चलांना अपूर्णांक चालत असतील तर सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा संगणक प्रोग्रॅम, क 1.2 वेळा आणि ड 1.8 वेळा द्या म्हणतो, खर्च 98. असा मेनू फळ्यावर लिहिता येत नाही. पूर्णांकी उत्तरात क एकदा, ड दोनदा, प्रथिनं 65 ग्रॅम आणि खर्च 99. इथे आकडे नुसते जवळच्या पूर्णांकात बदलूनही हेच मिळालं असतं. पदार्थ वीस आणि पोषकं सहा झाली की तसं करताना एखादी अट मोडते किंवा खर्च उगाच वाढतो. म्हणून या प्रकल्पात पूर्णांकी प्रोग्रॅमिंग वापरलं आहे.

दिवस एकेक करून ठरवायचे की सगळा आठवडा एकदम, हाही जुनाच प्रश्न. दिवसागणिक ठरवलं तर स्वस्त पदार्थ सुरुवातीलाच संपतात आणि शेवटच्या दिवसांत महाग पदार्थ उरतात, कधी अट पुरी करणारा एकही मेनू उरत नाही. आम्ही सातही दिवस एकत्र सोडवतो. मग सॉल्व्हरने `infeasible`, म्हणजे उत्तरच नाही, असं सांगितलं, तर अटीच एकमेकींच्या आड येत आहेत हे नक्की होतं आणि एकेक अट सैल करून दोषी अट शोधता येते.

लागोपाठ दोन दिवस तोच पदार्थ नको ही अट अशी लिहिली आहे :

```
x[p,d] + x[p,d+1] <= 1
```

इथे `p` पदार्थ आणि `d` दिवस. तो पदार्थ त्या दिवशी वाढायचा असेल तर `x[p,d]` 1, नाही तर 0. मेसचा मेनू दर आठवड्याला तोच फिरत असल्याने `d = 7` असताना `d+1` म्हणजे पहिला दिवस धरला आहे. हे केलं नाही तर रविवारी रात्रीची भाजी सोमवारी पुन्हा ताटात येते आणि मॉडेलच्या लेखी सगळ्या अटी पाळलेल्या असतात.