कामाच्या वेळेनंतरचे मेसेज आणि दोन पाळ्यांमधील विश्रांती: तक्रार अर्ज कसा करावा

दोन पाळ्यांमध्ये किमान किती तासांचे अंतर असावे, हे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 थेट सांगत नाही. कामाच्या वेळेनंतर आलेल्या मेसेजला उत्तर न देण्याचा स्वतंत्र हक्कही अद्याप कायद्यात नाही; त्यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेली खासगी विधेयके कायदा झालेली नाहीत. त्यामुळे अर्ज ‘रात्री मेसेज येतात’ एवढ्यावर न लिहिता कामाच्या तासांवर लिहावा.

2025 च्या दुरुस्तीनुसार हा अधिनियम 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना मात्र या तरतुदी मिळत नाहीत. कामाची मर्यादा दिवसाला 10 आणि आठवड्याला 48 तासांची असून कामाचा आरंभ आणि शेवट यांतील एकूण अवधी, म्हणजे स्प्रेड-ओव्हर, विश्रांती धरून 12 तासांपेक्षा अधिक असता कामा नये.

नागपूरच्या सीताबर्डीतील एका मोठ्या शोरूममधील हिशेबनीस सकाळी 10 ते सायंकाळी 6.30 पर्यंत, अर्ध्या तासाची सुट्टी वगळून, आठवड्याचे सहा दिवस काम करतो, असे समजू. त्याचे 48 तास तेवढ्यातच पूर्ण होतात. एका रात्री 10 वाजता साहेबांचा मेसेज येतो आणि साठ्याचा तक्ता दुरुस्त करून तो 11 वाजता पाठवतो. त्या दिवसाचे काम 9 तासांचेच झाले, पण आठवडा 49 तासांचा झाला आणि स्प्रेड-ओव्हर 13 तासांवर गेला. त्या जादा तासाचे वेतन दुप्पट दराने देय होते; तासाचा दर 100 रुपये असल्यास 200 रुपये. नुसता मेसेज वाचणे आणि सांगितलेले काम करून देणे यांत फरक आहे, आणि माझ्या मते अर्ज दुसऱ्यावरच उभा करावा.

याउलट, दुपारी 2 ते रात्री 11 अशी पाळी करून दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला बोलावले, तर अंतर आठच तासांचे असूनही दोन्ही दिवसांचा स्प्रेड-ओव्हर मर्यादेत राहतो. अशा वेळी पाळीपत्रक बदलण्याची लेखी विनंती करणे एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

प्रथम मालकाकडे तारीख, वेळ, काम आणि लागलेली मिनिटे यांचा तक्ता जोडून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास सिव्हिल लाइन्समधील अपर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करावी. वेतनाच्या दाव्याला वेतन संहितेनुसार तीन वर्षांची मुदत आहे. नियुक्तीपत्र, पाळीपत्रक, हजेरीची नोंद, वेतनचिठ्ठ्या आणि मेसेज जोडावेत. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये: मूळ फोन आणि त्यातील संभाषण जपून ठेवावे, कारण प्रकरण पुढे गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते.