चलन-जोखीम विभागणीचे पत्र

विनिमय दर झपाट्याने हलल्यावर निर्यातदाराने परदेशी खरेदीदाराला लिहिलेले, तोटा व फायदा दोघांत वाटून घेण्याचे कलम सुचवणारे पत्र. पुढच्या तारखेचा विनिमय दर बँकेशी आधीच पक्का करणारा फॉरवर्ड करार परवडत नाही किंवा ऑर्डरची तारीख पक्की नसते, अशा छोट्या निर्यातदाराला याचा उपयोग होतो.

समजा, हिंगणा एमआयडीसीतला सुती पिशव्यांचा उत्पादक हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याला 40,000 युरोचा माल देतो. भाव ठरला तेव्हा युरो 100 रुपयांना होता. माल तयार होईपर्यंत तो 94 वर आला. 40 लाखांचे 37.60 लाख झाले, सूत आणि मजुरी मात्र रुपयांतच द्यायची आहे. पत्रात आधी हा हिशेब दोन ओळींत येतो, मग प्रस्ताव: "मूळ दर 100 रुपये. 98 ते 102 दरम्यानचा फरक आमचा. त्यापलीकडचा फरक, वर असो वा खाली, निम्मा-निम्मा." दर कुणाचा, तेही लिहावे लागते. रुपया-युरोचा संदर्भ दर 2018 पासून एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. स्वतःच्या बँकेचा दर सुचवला तर खरेदीदाराला शंका येते.

94 हा दर 98 च्या खाली 4 रुपये आहे. त्यातले 2 रुपये खरेदीदाराचे, म्हणजे 40,000 युरोवर 80,000 रुपये. हे युरोत बदलताना भागाकार नव्या दराने करायचा: 80,000 ÷ 94 = 851.06. जुन्या 100 ने भागले की 800 येतात आणि निर्यातदार स्वतःच्याच हिश्शाला कात्री लावतो. बिल 40,851.06 युरोचे होते. एवढे करूनही 2.40 लाखांपैकी 1.60 लाखांची झळ निर्यातदारालाच बसते. पत्रात हे सांगितले तर मागणी अवाजवी वाटत नाही. युरो 106 झाला, तर याच रीतीने खरेदीदाराला 754.72 युरोची सूट मिळते. ही दुसरी बाजू गाळलेले पत्र म्हणजे नुसती भाववाढीची मागणी, आणि खरेदीदार तिला तसेच उत्तर देतो.

दर कोणत्या दिवसाचा धरायचा, यावर वाद होतात. सीमाशुल्क विभागाकडे निर्यातीचे शिपिंग बिल भरण्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवसाचा दर सोयीचा, कारण कंटेनर डेपोतून माल निघण्याआधीच बिलाची रक्कम पक्की होते. पैसे येतील त्या दिवसाचा दर धरला, तर बिल, शिपिंग बिल आणि बँकेत आलेली रक्कम जुळत नाही आणि बँक खुलासा मागते. खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची हमी देणारे लेटर ऑफ क्रेडिट असेल, तर रकमेआधी 'अबाउट' हा शब्द घालून घ्यावा. अशा पत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, म्हणजे यूसीपी 600 च्या, कलम 30 नुसार त्याने 10 टक्के कमी-जास्तीची मुभा मिळते. तो नसेल, तर वाढीव 851 युरो अडकतात.

कलम पुढच्या ऑर्डरींसाठीच मागणे बरे. मान्य झालेली ऑर्डर पुन्हा उकरली की खरेदीदार बिथरतो. तिथे फार तर विनंती करता येते. आणि ज्या रकमेचा फॉरवर्ड करार आधीच केला आहे, ती कलमातून वगळावी, नाहीतर एकाच जोखमीची भरपाई दोनदा घेतल्यासारखे होते.