घरच्या ऑक्सिजनचे 15 तास : हा आकडा आला कुठून?

2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येऊन पडले. लाट ओसरली आणि मग दम्याच्या आजोबांना, धाप लागणाऱ्या काकूंना 'आहेच घरात, तर लावू या' म्हणून ते लावले जाऊ लागले. पण घरचा ऑक्सिजन हा धापेवरचा उपाय म्हणून आलेलाच नव्हता. तो आला रक्तातला ऑक्सिजन कायम कमी असलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढवण्यासाठी. धाप असूनही रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असलेले कितीतरी रुग्ण असतात, आणि त्यांना या यंत्राचा फारसा उपयोग होत नाही.

या उपचाराचा पाया दोन जुन्या चाचण्यांत आहे. 1980 साली अमेरिका आणि कॅनडातील सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या 203 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला रात्रीचे 12 तास ऑक्सिजन, दुसऱ्याला शक्य तितका दिवसभर. प्रत्यक्षात तो सुमारे 18 तास झाला. फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या चाचणीत 15 तास ऑक्सिजन घेणाऱ्या 42 जणांपैकी पाच वर्षांत 19 दगावले, तर ऑक्सिजन न घेणाऱ्या 45 पैकी 30. आज डॉक्टर 'दिवसाला किमान 15 तास' म्हणतात ते यावरून. दुपारी तासभर नळी लावून बरे वाटेल कदाचित, पण आयुष्य वाढल्याचा पुरावा तासाभराचा नाही.

या चाचण्यांतले रुग्ण निवडक होते, म्हणून निकषही कडक राहिले : स्थिर प्रकृतीत, साध्या हवेत, विश्रांतीत धमनीतील रक्ताचा ऑक्सिजन दाब 55 मिमी किंवा त्याखाली. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर तो साधारण 88 टक्के दिसतो. दाब 56 ते 59 असेल, तर उजव्या हृदयावर ताण आल्याची खूण (पायांवर सूज, तशी इको तपासणी) किंवा रक्त दाट झालेले असावे लागते. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उजव्या हृदयाला जोर लावावा लागतो, म्हणून ही सवलत.

मग 89 ते 93 टक्के असणाऱ्यांचे काय? या प्रश्नाला 2016 पर्यंत थांबावे लागले. अमेरिकेतील 738 रुग्णांच्या चाचणीत विश्रांतीत किंचित कमी, किंवा फक्त चालताना मध्यम प्रमाणात ऑक्सिजन उतरणाऱ्यांना घरच्या ऑक्सिजनने ना आयुष्य वाढले, ना इस्पितळाच्या फेऱ्या टळल्या. 2024 मध्ये स्वीडनमधून असेही आले की निकषात बसणाऱ्यांना 24 तास देऊन 15 तासांपेक्षा जास्त फायदा मिळत नाही. म्हणजे बाथरूमला जाताना नळी काढली म्हणून घाबरायला नको.

आता एक नमुना पाहू. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या 66 वर्षांच्या बाई. सीओपीडीचा झटका येऊन इस्पितळात गेल्या, घरी सोडताना ऑक्सिजन दाब 53. एवढ्यावर यंत्र कायमचे ठरत नाही. झटका ओसरल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा दाब आपोआप चढतो. म्हणून यंत्र सध्या भाड्याने, आणि दोन महिन्यांनी पुन्हा एबीजी, म्हणजे धमनीतील रक्ताची तपासणी. तोवर मिनिटाला 1 लिटर, लक्ष्य 88 ते 92 टक्के. 'जास्त दिला तर लवकर बरे वाटेल' हा हिशोब इथे उलटा बसतो : काही सीओपीडी रुग्णांत जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी, हात थरथरणे दिसले, की यंत्रावरचा प्रवाहाचा काटा वाढवायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

यंत्र म्हणाल तर ते ऑक्सिजन बनवत नाही, हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून बाकीचा पुढे सोडते. 5 लिटरचे चांगले यंत्र सुमारे 93 टक्के शुद्धता देते. जाळी धुळीने भरली किंवा खडे ओलसर झाले की काटा तोच दिसतो, पण शुद्धता घसरते. बोटावरचा आकडा एकाएकी उतरला तर आधी जाळी आणि नळीचे वळसे पाहावेत. विजेचा खर्चही मोजून ठेवावा : 350 वॅटचे यंत्र 15 तास चालले, तर रोज पाच युनिटहून थोडे जास्त. वीज गेली तर छोटा सिलिंडर हाताशी हवा. आग हा खरा धोका. नळी लावून कोणी बिडी ओढू नये, देव्हाऱ्यातली समई आणि गॅसची शेगडी निदान तीन मीटर लांब असावी, नाकाला तेल-व्हॅसलीन नको.

या बाईंचा दोन महिन्यांनी दाब 61 आला, इको नीट, पायांवर सूज नाही. यंत्र भाडेवाल्याला परत गेले. इनहेलर आणि श्वासाचे व्यायाम मात्र चालू राहिले, आणि चुलीच्या जागी गॅस.