उन्हाळ्यात लंबकाचं घड्याळ मागे का पडतं?

आखाजी जवळ आली की चावीची भिंतीवरची घड्याळं आमच्याकडे दुरुस्तीला येऊ लागतात. तक्रार एकच असते, हिवाळ्यात बरोबर चालायचं, आता मागे पडतं. दर वेळी तो बिघाड नसतो. उष्णतेने लंबकाची दांडी लांबते आणि लांब लंबक सावकाश झुलतो.

दांडीचं लांबणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काउंटरवर आम्ही एक जोडपट्टी ठेवली आहे. शाळेच्या पुस्तकातली द्विधातू पट्टी ती हीच. पितळ आणि पोलाद पाठीला पाठ लावून पक्कं जोडलेलं, लांबी 10 सेंटीमीटर, एकूण जाडी 1 मिलिमीटर. तापमान 20 अंशांनी वाढलं तर एवढीच नुसती पितळी पट्टी मिलिमीटरच्या चार शतांश भागाइतकीच लांबेल. जोडपट्टीत मात्र पितळ जास्त वाढतं, पोलाद त्याला धरून ठेवतं, त्यामुळे पट्टी वाकते. पितळ बाहेरच्या बाजूला राहतं आणि मोकळं टोक साधारण 1 मिलिमीटर सरकतं. गार झाली की पुन्हा सरळ.

आता हिशोब. पितळ दर अंशाला लांबीच्या 0.000019 पट वाढतं. झोक्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून वेळेत फरक पडतो तो याच्या निम्मा. दिवसाचे सेकंद 86,400. समजा, पौषात खोली 20 अंशांवर असताना घड्याळ लावलं आणि आता पत्र्याखालच्या त्याच खोलीचं सरासरी तापमान 40 आहे:

½ × 0.000019 × 20 × 86,400 = सुमारे 16 सेकंद

घड्याळ रोज एवढं मागे पडणार, म्हणजे महिन्याला आठ मिनिटं. पोलादी दांडी असेल तर रोज सुमारे 10 सेकंद. धाब्याच्या घरात फरक आणखी कमी, कारण तिथे खोलीच एवढी तापत नाही. दुपारचा 45 चा आकडा हिशोबात धरू नका, रात्रंदिवसाची सरासरी धरा.

उपाय घरीच होतो. मोबाइलच्या वेळेशी आठवडाभर ताडून पाहा, एका दिवसावरून ठरवू नका. मग गोळ्याखालचा नट किंचित वर घ्या. लंबक 25 सेंटीमीटरचा आणि नटाच्या एका फेऱ्यात गोळा अर्धा मिलिमीटर चढत असेल, तर पितळी दांडीला फेऱ्याचा पाचवा हिस्सा पुरतो. पूर्ण फेरा दिलात तर घड्याळ रोज मिनिटभर पुढे पळेल. थंडी पडली की तेवढाच नट खाली आणा.

रोज दोन-तीन मिनिटं मागे पडत असेल, तर उन्हाला दोष देऊ नका. तेल सुकलेलं असेल, धूळ बसली असेल. टिकटिक लंगडी ऐकू येत असेल, तर घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं असू शकतं, आधी ते सरळ करून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर दुकानात आणा. आणताना लंबक काढून वेगळा गुंडाळा, त्याला वरून धरणारी पातळ स्प्रिंग हिसक्याने मोडते.