एफपीएस १८० दिसतंय म्हणजे मॉनिटर १६५ हर्ट्झवर चालतोय असं नाही

"नवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, गेममध्ये १८० एफपीएस येतंय, तरी जुन्यासारखंच वाटतं. फसलो का?" हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि त्याखाली उत्तर येतं की ग्राफिक्स सेटिंग कमी कर. म्हणजे एफपीएस वाढव. अरे, एफपीएसचा इथे संबंधच नाही!

एफपीएस तुम्हाला माहीत आहेच: ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात किती फ्रेम तयार करतं तो आकडा. त्यावर वेळ घालवत नाही. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर एका सेकंदात किती वेळा पडद्यावरचं चित्र बदलतो तो आकडा. घोळ इथे होतो की गेमच्या कोपऱ्यातला काउंटर फक्त पहिला आकडा मोजतो. त्यातल्या किती फ्रेम पडद्यावर पोहोचल्या, हे त्याला ठाऊकच नसतं.

विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर अडकला असेल, तर कार्डाने १८० फ्रेम बनवल्या तरी पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळाच बदलतं, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. १६५ हर्ट्झवर तेच अंतर साधारण ६ मिलिसेकंद असतं. जास्तीच्या फ्रेम एकतर वाया जातात किंवा फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी व्हीसिंक ही सेटिंग बंद असेल तर एकाच चित्रात दोन-तीन फ्रेमचे तुकडे येतात आणि भराभर वळताना पडदा आडवा फाटल्यासारखा दिसतो. आकडा भारी, चित्र तेच. डोळ्याला ६०च्या वरचं काही कळत नाही असं छातीठोकपणे सांगणारे बहुतेक जण याच अवस्थेत बसलेले असतात, अशी मला दाट शंका आहे.

ओळखायचं कसं? गेममध्ये क्षणभर व्हीसिंक चालू करा. १८० वरून आकडा थेट ६० वर येऊन चिकटला, तर मॉनिटर ६० वरच आहे.

मॉनिटर जोडल्यावर विंडोज बरेचदा ६० हर्ट्झ हीच सुरक्षित निवड करतं. खोक्यावर १६५ छापलंय म्हणून ते आपोआप लागत नाही. विंडोज ११ मध्ये Settings > System > Display > Advanced display इथे जा, दोन मॉनिटर असतील तर आधी वरून योग्य तो निवडा, आणि Choose a refresh rate मध्ये सगळ्यात मोठा आकडा घ्या. यादीत ५९.९४ किंवा १६४.९ असे तिरपागडे आकडे दिसले तर दुर्लक्ष करा, तो फरक कुणालाच जाणवत नाही. ड्रायव्हर नव्याने टाकला किंवा केबल बदलली की ही जागा पुन्हा एकदा बघा.

आता खरी अडचण: यादीत १६५ नाहीच. समजा २५६०×१४४० चा मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय आणि यादी १४४ ला संपते. मॉनिटर बिघडलेला नाही. अशा बऱ्याच मॉनिटरांमध्ये एचडीएमआय पोर्ट १४४ पर्यंतच जातं आणि पूर्ण १६५ फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतं. माहितीपुस्तिकेत पोर्टनिहाय आकडे दिलेले असतात, तेवढं पान वाचा. माझं मत विचाराल तर अशा मॉनिटरला सरळ डिस्प्लेपोर्टच लावा आणि विषय संपवा. केबलचं दुसरं टोक मदरबोर्डच्या पोर्टात नाही ना, हेही वाकून बघाच. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलच्या Change resolution मध्ये यादी दोन गटांत असते. वरच्या Ultra HD, HD, SD गटात मोठा आकडा दिसला नाही तर खाली PC गटात तेच रेझोल्यूशन निवडून बघा.

डेस्कटॉपवर १६५ लागलं आणि गेममध्ये पुन्हा ६०? फुल स्क्रीनमध्ये काही गेम स्वतःचा रिफ्रेश रेट लावतात, त्यांच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये तो वेगळा बदलावा लागतो. बॉर्डरलेस विंडोमध्ये गेम डेस्कटॉपचाच रेट वापरतो.

याउलट तक्रारही येते: सगळं नीट लावलं, पण मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला हर्ट्झचा आकडा गेममध्ये ७०-९० च्या मध्ये नाचतो. जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू असेल तर तो नाचायलाच हवा, कारण तिथे मॉनिटर कार्डाच्या वेगाने चित्र बदलतो. या वेळी मात्र ग्राफिक्स सेटिंग कमी करण्याचा सल्ला बरोबर आहे.