व्हिडिओचे शोधानुकूल शीर्षक, वर्णन व हॅशटॅग

यूट्यूबसारख्या मंचावर व्हिडिओ प्रेक्षकांपर्यंत मुख्यतः दोन वाटांनी पोहोचतो: मंचाने आपणहून समोर ठेवलेल्या फीडमधून, किंवा प्रेक्षकाने शोधपेटीत टाइप केलेल्या शब्दांतून. दुसऱ्या वाटेने व्हिडिओ सापडावा म्हणून शीर्षक, वर्णन आणि हॅशटॅग यांतील शब्द जाणीवपूर्वक निवडण्याची पद्धत येथे अभिप्रेत आहे. मराठीपुरता तिचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग लिपी व विभक्तिरूपे यांचा असून सोलापूरच्या कडक भाकरीच्या उदाहरणावरून तो चांगला उलगडतो.

ज्वारीची किंवा बाजरीची पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली आणि पुष्कळ दिवस टिकणारी ही भाकरी शेंगा चटणीबरोबर खाल्ली जाते. तिच्या कृतीच्या व्हिडिओला ‘आजीच्या हातची जादू’ असे शीर्षक दिल्यास फीडमध्ये ते कदाचित लक्ष वेधील. पण कृती शोधणारा हे शब्द टाइप करत नाही. तो ‘कडक भाकरी’ लिहितो किंवा रोमन अक्षरांत kadak bhakri, kadak bhakari असे लिहितो. शोधयंत्र या लेखनभेदांचा मेळ बऱ्याच अंशी घालते, तथापि त्यावर पूर्ण विसंबणे योग्य नाही. म्हणून ‘सोलापुरी कडक ज्वारीची भाकरी | Solapuri Kadak Bhakri’ असे दोन्ही लिप्यांतील शीर्षक श्रेयस्कर ठरते. यूट्यूबवर शीर्षकाची मर्यादा १०० वर्णांची आहे. मात्र मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जात असल्याने मुख्य शब्द आरंभी ठेवावेत.

अनेकवचनाने वेगळाच प्रश्न उभा राहतो. ‘भाकऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ (U+0931) व हलन्त यांनी, अथवा साधा र (U+0930), हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (U+200D) यांनी. पहिली रीत इस्की या जुन्या भारतीय संकेतप्रणालीशी, तर दुसरी युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य झाली. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने त्या भिन्न अक्षरमालिका आहेत आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एकरूप करत नाही. जोडचिन्ह गळाले तर ‘भाकर्या’ असे रफारयुक्त अशुद्ध रूप उरते. हॅशटॅगमध्ये असे अदृश्य चिन्ह कितपत टिकते हे त्या त्या प्रणालीवर अवलंबून असल्याने तेथे एकवचनी #कडकभाकरी वापरणे अधिक सुरक्षित होय. ‘सोलापूर’चे ‘सोलापुरी’, ‘सोलापुरात’ होताना ऊकारही बदलतो. तेव्हा मूळ रूप वर्णनाच्या पहिल्या वाक्यात यावे.

वर्णनाला ५,००० वर्णांची मुभा असली तरी प्रारंभीच्या दोन-तीन ओळीच प्रथमदर्शनी दिसतात. तेथे पदार्थ, धान्य व गाव यांची नावे असलेले सलग वाक्य लिहावे, उदाहरणार्थ: ‘सोलापूरच्या पद्धतीची कडक भाकरी शाळूच्या पिठापासून कशी थापावी आणि कशी वाळवावी.’ रब्बी ज्वारीला या भागात शाळू म्हणत असल्याने हा शब्द शोधणाराही सामावला जातो. सुट्या शब्दांची लांबलचक जंत्री जोडणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. सोलापुरात मराठीखेरीज कन्नड व तेलुगू बोलणारेही मोठ्या संख्येने असल्याने त्या भाषांतील नावे एकाच वर्णनात कोंबण्याऐवजी यूट्यूबच्या अनुवादित शीर्षक-वर्णनाच्या सोयीने स्वतंत्र नोंदवावीत.

हॅशटॅगचा उगम कोठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आयआरसी या संभाषणव्यवस्थेत # हे चिन्ह गप्पांच्या दालनांच्या नावांपुढे लावले जाई. काहींच्या मते मूळ तेच. २३ ऑगस्ट २००७ रोजी तंत्रज्ञ क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर गट ओळखण्यासाठी त्याचा प्रस्ताव मांडला, आणि इतर काही जण उगम तेथे मानतात. आजचा अर्थ पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी चिन्हाची परंपरा पहिल्याकडे जाते. यूट्यूबवर वर्णनातील हॅशटॅगपैकी तीनपर्यंत शीर्षकाजवळ दिसतात. एका व्हिडिओवर ६० पेक्षा अधिक असल्यास सर्वच दुर्लक्षिले जातात. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. शीर्षकाच्या तुलनेत त्यांचे कार्य दुय्यम समजावे.

परिणाम पाहण्यासाठी यूट्यूब स्टुडिओतील ‘YouTube search’ हा स्रोत उघडावा. प्रेक्षकांनी टाइप केलेले शब्द तेथे दिसतात. तेथे ‘बाजरी भाकरी’ येत असेल आणि व्हिडिओ ज्वारीचा असल्याने लोक आरंभीच निघून जात असतील, तर धान्याचे नाव शीर्षकात पुढे आणावे. उलट शब्द नेमके असूनही प्रेक्षक थोडेच येत असतील, तर त्या शब्दांचा शोधच विरळ असण्याची किंवा जुने व्हिडिओ वर असण्याची शक्यता असते, कारण क्रम ठरवताना शब्दांच्या जुळणीबरोबर प्रेक्षकांचा प्रतिसादही विचारात घेतला जातो. अशा वेळी शीर्षक पुनःपुन्हा बदलून विशेष फरक पडत नाही.