ऑफिसचा आयपी आणि हॉटस्पॉटचा आयपी: एक आपला, दुसरा फिरता

“सर्व्हर उघडत नाहीये, माझा आयपी व्हाइटलिस्ट करून द्या ना.” ठाणे-नवी मुंबईत छोट्या-मध्यम कंपन्यांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला हा मेसेज नवा नाही. सोबत बहुतेक वेळा स्क्रीनशॉट असतो. त्यात `192.168` किंवा `172.20.10` ने सुरू होणारा आकडा असेल, तर तो मोबाइलने आपल्या हॉटस्पॉटपुरता लॅपटॉपला दिलेला असतो. बाहेरच्या सर्व्हरला तो कधी दिसतच नाही, त्यामुळे सर्व्हर ज्यांना आत घेतो त्या पत्त्यांच्या यादीत, म्हणजे व्हाइटलिस्टमध्ये, टाकून उपयोग शून्य. हा घोळ लवकर सुटतो.

खरा घोळ पुढचा आहे. जरा जाणकार कर्मचारी “माझा आयपी काय” सांगणारी साइट उघडतो आणि बाहेरून दिसणारा, म्हणजे पब्लिक आयपी पाठवतो. ऑफिसच्या लाइनवरून हीच साइट उघडली तरी असाच आकडा दिसतो. दोन्ही पब्लिक, दोन्ही सर्व्हरला दिसणारे, लिहायची पद्धतही एकच. म्हणून दोन्ही एकाच यादीत, एकाच विश्वासाने टाकले जातात. पण त्या दोन आकड्यांमागची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे.

ऑफिसच्या लाइनसाठी कंपनी स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे भरते. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीकडे `203.0.113.10` हा आयपी आहे असं धरू. राउटर बंद करून चालू केला, रात्री लाइट गेली, तरी आकडा तोच. त्यामागे फक्त त्या ऑफिसातली माणसं आणि यंत्रं. त्यामुळे क्लाउडवरच्या सर्व्हरला “या पत्त्यावरून आलेल्याला आत घे” असं सांगण्यात अर्थ आहे.

हॉटस्पॉटचं तसं नाही. लॅपटॉपला मोबाइल एक आतला पत्ता देतो, मोबाइलला मोबाइल कंपनी दुसरा आतला पत्ता देते, आणि त्या कंपनीच्या गेटवेवर, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या दारावर, अनेक ग्राहकांची वाहतूक एकत्र करून एका पब्लिक पत्त्यावरून बाहेर सोडली जाते. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. मोबाइल कंपन्यांवर ही वेळ आली कारण जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपले. पुढच्या वर्षी अशा आतल्या वापरासाठी `100.64.0.0/10` हा वेगळा पट्टा राखून ठेवला गेला. मोबाइलच्या नेटवर्क माहितीत `100.64` ते `100.127` यांतला आकडा दिसला, तर आपण अशा नॅटमागे आहोत हे नक्की. काही कंपन्या `10` ने सुरू होणारे पत्तेही देतात.

एका पब्लिक पत्त्यामागे किती जण असतील? प्रत्येक पत्त्याला ६५,५३६ पोर्ट, म्हणजे कनेक्शन वेगळी ओळखायचे क्रमांक, असतात. मोबाइल कंपनीने एकेका ग्राहकाला हजार पोर्ट वाटले असं धरलं, तरी एका पत्त्यावर साठेक जण सहज बसतात. तो पत्ता व्हाइटलिस्ट केला की आपल्या माणसाबरोबर त्या साऱ्यांनाही दार उघडं. सोसायटीच्या वॉचमनला आपल्या गाडीचा नंबर देऊन ठेवणं वेगळं आणि स्टेशनवरून ज्या शेअर रिक्षाने आलो तिचा नंबर देणं वेगळं. उद्या त्या रिक्षात दुसरंच कुणी असेल आणि आपण दुसऱ्या रिक्षात.

आता महाप्याच्याच कंपनीचा एक दिवस बघू. कंपनी हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करते. कॉलची नोंद आणि सुट्या भागांचा साठा क्लाउडवरच्या सर्व्हरवर आहे, त्याचा पत्ता `198.51.100.20`. यादीत फक्त ऑफिसचा पत्ता. सर्व्हिस इंजिनिअर सकाळी ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये हॉटस्पॉट लावून बसतो. सर्व्हर उघडत नाही. तो फोन करतो, अ‍ॅडमिन त्याचा `192.0.2.45` यादीत टाकतो, काम सुरू होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भ्यापर्यंत येताना ऐरोली, रबाळे, घणसोली करत टॉवर बदलत जातात, तरी सर्व्हर चालूच राहतो. याने अनेकांची फसगत होते. टॉवर बदलला म्हणून पत्ता बदलत नाही, कारण पत्ता टॉवरवर नसतो, तो मागच्या गेटवेवर बांधलेला असतो. मग अ‍ॅडमिनलाही वाटतं की झालं, प्रश्न मिटला.

दुपारी हा गडी पुण्याला निघतो. कर्जत-लोणावळ्याच्या घाटात बोगद्यांमागून बोगदे, नेट तुटतं. रेंज आल्यावर मोबाइल नव्याने जोडणी घेतो, त्याला आतला पत्ता नवा मिळतो आणि बाहेर आता `192.0.2.131` दिसतो. सर्व्हर पुन्हा बंद. घाटात न जाताही हे होतं. फ्लाइट मोड चालू-बंद केला, मोबाइल रीस्टार्ट झाला, दुसऱ्या सिमवर डेटा वळवला, की पत्ता बदलू शकतो. कधी कधी मोबाइलची जोडणी न तुटताही एकाच लॅपटॉपच्या दोन कनेक्शनना गेटवे दोन वेगळे पब्लिक पत्ते देतो. तेव्हा लक्षण विचित्र असतं: लॉगिन होतं, पण पुढचं पान उघडताना सिस्टीम बाहेर फेकते.

यावर वैतागून केला जाणारा उपाय म्हणजे अख्खा पट्टाच यादीत टाकणं: `192.0.2.0/24`. यात २५६ पत्ते येतात. वरच्याच हिशोबाने प्रत्येकामागे साठ धरले, तर कोणत्याही क्षणी पंधरा हजारांहून अधिक अनोळखी मोबाइल आपल्या सर्व्हरच्या दारापर्यंत येऊ शकतात. आणि एवढं करूनही मोबाइल कंपनीकडे असे अनेक पट्टे असतात, त्यामुळे उद्या इंजिनिअर भलत्याच पट्ट्यातून येतो आणि पुन्हा अडतो. म्हणजे यादी आपल्या माणसाला अडवते आणि परक्याला सोडते. माझ्या मते नुसत्या बंद दारापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे, कारण यादी आहे या भरवशावर पासवर्ड, ओटीपी यांकडे दुर्लक्ष होतं.

त्रास नेमका पत्त्याचाच आहे हे ओळखायचं कसं? पासवर्ड चुकला असेल तर सर्व्हर लगेच तसं सांगतो. पत्ता फायरवॉलवर अडला असेल तर बहुतेकदा उत्तरच येत नाही, पान फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. वेब सर्व्हरवर अडला तर `403 Forbidden` दिसतं. मायएसक्यूएलमध्ये `is not allowed to connect to this MySQL server` असा मेसेज येतो आणि त्यात सर्व्हरला दिसलेला पत्ताही असतो. मग लॅपटॉपवर या दोन ओळी चालवाव्यात:

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

दुसऱ्या ओळीलाही उत्तर आलं, तर समजावं की मोबाइल कंपनी आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ताही देते आहे. आपल्याकडे हे आता सर्रास आहे. सर्व्हरचं नाव दोन्ही पद्धतींच्या पत्त्यांवर नोंदलेलं असेल, तर लॅपटॉप आधी आयपीव्ही६चा रस्ता धरतो. अ‍ॅडमिनने इमाने इतबारे आयपीव्ही४चा आकडा यादीत टाकलेला असतो आणि सर्व्हरच्या दारात माणूस उभा असतो भलत्याच पत्त्यासह. आयपीव्ही६ वाटून घ्यावा लागत नाही हे खरं, पण तो टिकतही नाही. नवी जोडणी घेतली की पुढचा भाग बदलू शकतो, आणि मागचा भाग लॅपटॉप गोपनीयतेसाठी स्वतःच अधूनमधून बदलतो.

परदेशी गेलेल्या माणसाचं गणित आणखी वेगळं. भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग असेल, तर डेटा सहसा इथल्या कंपनीच्या गेटवेपर्यंत परत येऊन मगच बाहेर पडतो. म्हणजे माणूस दुबईत आणि सर्व्हरला दिसतो भारतीय पत्ता. उलट प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमवर तिसऱ्याच देशाचा पत्ता दिसू शकतो. “फक्त भारतातून येणाऱ्यांना घ्या” हा नियम म्हणूनच फिरतीच्या लोकांसाठी कुचकामी ठरतो.

मग करायचं काय? सर्व्हरच्या यादीत ऑफिसचा एकच पत्ता राहू द्यावा आणि फिरतीच्या माणसाला व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्याने, आधी ऑफिसात आणावं. तिथे ओळख पत्त्यावरून नव्हे, लॅपटॉपवरच्या गुप्त डिजिटल कीवरून पटते. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. समोरचा कोण, हे त्याची की सांगते. त्याचा पत्ता लागतो तो फक्त उत्तर कुठे पाठवायचं यासाठी. घाटातून बाहेर येऊन पत्ता बदलला, तर त्याच कीने आलेल्या पुढच्या पॅकेटवरून ऑफिस नवा पत्ता टिपून घेतं. इंजिनिअरला काही कळतही नाही.

पण इथे एक खड्डा आहे. व्हीपीएन जोडलेला दिसतो, ऑफिसचा प्रिंटरही सापडतो, आणि क्लाउडचा सर्व्हर मात्र उघडत नाही. कारण व्हीपीएनच्या बोगद्यातून फक्त ऑफिसच्या आतली वाहतूक पाठवलेली असते, क्लाउडकडची वाहतूक मोबाइलवरून थेटच निघते. लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये क्लाउड सर्व्हरचा पत्ताही द्यावा लागतो:

```
[Peer]
PublicKey = OFFICE_PUBLIC_KEY
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 192.168.10.0/24, 198.51.100.20/32
PersistentKeepalive = 25
```

`AllowedIPs`च्या ओळीतला दुसरा पत्ता म्हणजे आपला क्लाउड सर्व्हर. शेवटची ओळ दर २५ सेकंदांनी छोटं पॅकेट पाठवते, म्हणजे मोबाइल कंपनीचा नॅट मधली वाट बंद करत नाही. ऑफिसच्या बाजूला ही वाहतूक ऑफिसच्या पत्त्याने बाहेर पडेल असा नॅटचा नियम हवा. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही असेल तर तोही `AllowedIPs`मध्ये टाकावा आणि ऑफिसची लाइन आयपीव्ही६ देते का ते पाहावं. ऑफिसकडे तो नसेल तर इंजिनिअरना सर्व्हरचं फक्त आयपीव्ही४वर नोंदलेलं नाव द्यावं.

या मांडणीत पत्ता तपासणाऱ्या साइटवर भरवसा ठेवू नये. ती साइट बोगद्याबाहेर आहे, त्यामुळे तिथे मोबाइलचाच पत्ता दिसेल आणि सारं बरोबर असूनही चुकलंय असं वाटेल. सर्व्हरच्या लॉगमध्ये बघावं. तिथे `203.0.113.10` दिसला की काम झालं.

ऑफिसची लाइन पडली की सगळी फिरती अडते, ही या पद्धतीची मर्यादा. महिन्यातून दोनदा रस्ता खणला जाणाऱ्या भागात ऑफिस असेल, तर व्हीपीएनचं यंत्र क्लाउडवरच ठेवून त्याला स्वतःचा कायमचा पत्ता घ्यावा आणि यादीत तो टाकावा. मोबाइल कंपन्या कॉर्पोरेट ग्राहकांना स्टॅटिक आयपीची सिमही देतात. एका जागी बसवलेल्या यंत्रासाठी ती चांगली, पण सिम हरवली की दुसऱ्याच्या हाती तो विश्वासाचा पत्ताही जातो. व्हीपीएनमध्ये लॅपटॉप हरवला तर ऑफिसमधून त्याची एक की काढून टाकली की पुरे.

व्हीपीएन चालू झाल्यावर त्याच दिवशी यादी उघडून “तात्पुरतं”, “साइटवरून”, “पुणे व्हिजिट” अशा शेऱ्यांचे सगळे मोबाइल पत्ते काढून टाका. ते पत्ते या क्षणी दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलवर आहेत.